गुढीपाडव्याला दूरच्या नातेवाइकांना काय लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. पाचवीत होते तेव्हापासून तिची पत्रं मी लिहायची. ती वऱ्हाडीत सांगायची, मी पुस्तकी मराठीत उतरवायची आणि ती ते माझ्याकडून पुन्हा वाचून घ्यायची. होळी झाली की तिचा पाडव्याच्या पत्रांचा धडाका सुरू व्हायचा. आता पत्रं कमी झाली, पण गल्लीतली पोरं-पोरी मोबाईल घेऊन अजूनही येतात. "बाबांच्या मावसबहिणीला पाडव्याचं काहीतरी लिहून द्या ना." तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली.

आधी कोणी लिहायचं, आपण की त्यांनी?

वयानं लहान असेल त्यानं. नमस्कार खालून वर जातो आणि आशीर्वाद वरून खाली येतो, म्हणून मोठ्यांच्या निरोपाची वाट पाहत बसू नये. नात्यानं मोठा पण वयानं लहान असा पेच खेड्यात बराच येतो. बारा वर्षांचा मुलगा चुलतकाका निघतो. अशा वेळी वयानं मोठ्या माणसानं पुढाकार घ्यावा आणि नमस्काराऐवजी "सप्रेम" लिहावं.

मायना काय लिहायचा? "तीर्थरूप" चालेल का?

दूरच्या नात्याला नाही. "तीर्थरूप" हे स्वतःच्या आई-वडिलांसाठी. त्यांच्यासारख्याच मानाच्या इतर वडीलधाऱ्यांना "तीर्थस्वरूप". बाबांची मावसबहीण आपली आत्याच, म्हणून "तीर्थस्वरूप आत्याबाईंस". हा शब्द पूर्ण लिहावा. त्याचा संक्षेप करताना लोक "ती. स्व." लिहितात आणि "स्व." दिसलं की वाचणाऱ्याला "स्वर्गीय" आठवतं. सणाच्या दिवशी जिवंत माणसाच्या नावाआधी ती दोन अक्षरं नकोत.

मायन्याखाली मोठ्यांना "सा. न. वि. वि.", म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. बरोबरीच्याला "स. न. वि. वि.", त्यात साष्टांगच्या जागी सप्रेम येतं. लहानांना "चि." आणि "अनेक आशीर्वाद". मोबाईलवर हे सगळं लिहायलाच हवं असं नाही, "आत्याबाई, नमस्कार" एवढं पुरतं. मात्र नातं उच्चारल्याशिवाय सुरुवात करू नये. आत्याबाई, मामाजी, काकाजी, मोठी आई, जे काय तोंडी म्हणत असाल ते आधी यावं.

विधवा बाईंच्या नावाआधी जुन्या पत्रांत "गं. भा." दिसतं. मी ते लिहीत नाही. "श्रीमती" लिहिते, किंवा नुसतं नातं लिहिते. नात्यानं हाक मारली की दुसऱ्या कुठल्या उपाधीची गरज उरत नाही.

शके किती लिहायचे? संवत्सराचं नाव घालावं का?

पाडव्यानंतरच्या इसवी सनातून ७८ वजा केले की शके मिळतात. ३० मार्च २०२५ च्या पाडव्याला शके १९४७ लागले, १९ मार्च २०२६ च्या पाडव्याला १९४८. पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला, तेव्हा १९४९.

यात एक चूक हमखास होते. पत्र पाडव्याच्या आधी आठ दिवस लिहिलं जातं, तेव्हा फाल्गुन वद्य पक्ष चालू असतो आणि जुनेच शके चालू असतात. म्हणून वरच्या कोपऱ्यात तारीख "फाल्गुन वद्य, शके १९४७" अशी येते आणि आत शुभेच्छा मात्र १९४८ च्या. दोन्ही जागी एकच आकडा पडला तर पंचांग बघणारे आजोबा तो लगेच पकडतात. आमच्याकडच्या एकांनी एकदा असं पत्र उलटटपाली दुरुस्त करून पाठवलं होतं.

संवत्सरांची नावं साठ आहेत आणि ती क्रमानं फिरून येतात. शके १९४७ चं नाव विश्वावसु. ते शुभेच्छेत शोभतं. १९४८ चं नाव पराभव. "पराभवनाम संवत्सराच्या हार्दिक शुभेच्छा" हे पंचांगाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे, पण ज्याच्या कपाशीला मागच्या वर्षी भाव मिळाला नाही त्याच्या हातात ते वाक्य देऊ नये. अशा वर्षी नुसते शके लिहावेत. १९४९ चं नाव प्लवंग. ते घातलं तरी चालतं, न घातलं तरी कोणी विचारत नाही.

पारंपरिक शुभेच्छांतली कोणती वाक्यं घ्यावीत?

जी त्या घरात खरी ठरू शकतात ती. "नूतन वर्ष आपणांस सुखाचे, समृद्धीचे व आरोग्याचे जावो" हे कुठेही चालतं. पण कुठेही चालतं म्हणूनच ते एकटं पाठवू नये. माझी आजी त्याच्या पुढे नेहमी एक वाक्य जोडायची: "घरातली माणसं अन् गोठ्यातली ढोरं सुखात राहोत." पत्र कोणाचं आहे ते याच वाक्यावरून ओळखू यायचं, असं लोक सांगतात.

पिकाची शुभेच्छा देताना मुलूख बघावा. आमच्या यवतमाळ-अकोल्याकडे पाडव्यापर्यंत कापसाची वेचणी उरकलेली असते, तूर घरात आलेली असते, हरभरा निघालेला असतो. इथल्या माणसाला "मृग वेळेवर बरसो" म्हटलं की ते काळजाला भिडतं, कारण त्याची नजर आता जूनच्या पेरणीवर असते. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा आंबिया बहार नुकता धरलेला असतो, फळं अगदी बारकी असतात. उन्हानं किंवा गारपिटीनं ती गळण्याची धास्ती याच दिवसांत असते, म्हणून तिथे "आंबिया टिको" म्हणावं. भंडारा-गोंदियाकडे धान, तिथे "तळी-बोड्या भरोत, रोवणी वेळेवर होवो". भंडाऱ्याच्या मामाजींना कापसाच्या भावाच्या शुभेच्छा गेल्या तर त्यांना एवढंच कळतं की आपण कुठे राहतो हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात नाही.

ज्यांनी शेत विकलं आहे त्यांना "धनधान्यानं कोठार भरो" लिहू नये. त्यांना ते टोचतं. तिथे आरोग्य आणि लेकरांची सुखरूपता मागावी.

"इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" पाडव्यालाच म्हणतात ना?

म्हणतात, पण दिवाळीच्या पाडव्याला. तो कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा, बळिप्रतिपदेचा. आपला गुढीपाडवा चैत्र शुद्ध प्रतिपदेचा. दोन्हींना पाडवाच म्हणतात म्हणून घोळ होतो. साडेतीन मुहूर्तांतही दोन्ही आहेत, गुढीपाडवा पूर्ण आणि दिवाळीचा पाडवा अर्धा. चैत्रात बळीची शुभेच्छा गेली म्हणून कोणी रागावणार नाही, पण मजकूर कुठून तरी उचलून पाठवला आहे हे उघडं पडतं.

वैयक्तिक काय लिहायचं? त्यांना तर मी दहा वर्षांत भेटलोही नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दूरच्या नात्यात लोकांचं दोन ठिकाणी चुकतं. आपण कोण हे सांगायचं राहून जातं, आणि आठवण सांगताना ती आपल्या बाजूची असते, त्यांच्या बाजूची नसते.

आधी ओळख. वाचणाऱ्याकडे आपला नंबर नसेल, आणि नावावरून त्यांना काही आठवणार नाही. गावाकडे माणूस नावानं नाही, गाव आणि नातं यांवरून ओळखला जातो. "दारव्ह्याकडची, तुमच्या मावसभावाची धाकटी" म्हटलं की आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर घर, अंगण, आजीचा चेहरा सगळं येतं. ओळख एका वाक्यात असावी आणि पहिल्या दोन ओळींत यावी. शेवटी सही करताना ओळख दिली तर तोवर त्या "कोण गं ही?" असंच वाचत राहतात.

मग आठवण. ती कशी शोधायची ते एका खऱ्या पत्रावरून सांगते. शके १९४८ च्या पाडव्यासाठी मी वरुड तालुक्यातल्या एका आत्याबाईंना लिहिलं. बाबांच्या त्या मावसबहीण. बाबा गेल्यावर येणं-जाणं तुटलं होतं. पहिला मजकूर मी असा लिहिला:

"तीर्थस्वरूप आत्याबाईंस, सा. न. वि. वि. आपणांस व आपल्या परिवारास नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. तुमची खूप आठवण येते. लहानपणी तुमच्याकडे खूप मजा यायची. हे वर्ष भरभराटीचे जावो."

वाचून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "खूप मजा यायची" हे कोणत्याही आत्याला लिहिता येतं. शिवाय ती मजा माझी, त्यात आत्याबाई कुठेच नाहीत. मग आईपाशी जाऊन बसले आणि विचारलं, "आत्याबाईंनी आपल्यासाठी काय केलं होतं?" प्रश्न असाच विचारावा. "आत्याबाई कशा होत्या" विचारलं की "चांगल्या होत्या" एवढंच उत्तर मिळतं. "काय केलं" विचारलं की गोष्ट निघते.

आईला ताईचं लग्न आठवलं. मे महिना, अंगणात मांडव, आणि जेवणाच्या तासभर आधी वळीव आला. सगळे नवरदेवाकडच्यांना ओसरीत घ्यायला धावले. आत्याबाईंनी पुऱ्यांची मळलेली कणीक परातीसकट पदराखाली घेतली आणि शेजारच्या घरी नेली. तिथल्याच चुलीवर तेल चढवून पुऱ्या तळायला लावल्या. पंगत वेळेवर बसली. ही गोष्ट आईखेरीज कोणालाच माहीत नव्हती, कारण आत्याबाईंनी ती कोणाला सांगितली नव्हती.

मग पत्र असं झालं:

"श्री

फाल्गुन वद्य, शके १९४७

तीर्थस्वरूप आत्याबाईंस,

सा. न. वि. वि.

मी दारव्ह्याकडून लिहिते आहे, तुमच्या मावसभावाची धाकटी. आम्ही सगळे खुशाल आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण हिंडती-फिरती आहे.

परवा आईनं ताईच्या लग्नातली गोष्ट सांगितली. वळीव आला तेव्हा कणकेची परात तुम्ही पदराखाली धरून शेजारी नेली, म्हणून पंगत वेळेवर बसली. मला इतकी वर्षं हे माहीतच नव्हतं. ताईला फोन करून सांगितलं तर तिला बोलवेना.

येत्या पाडव्यापासून शके १९४८ लागतात. हे वर्ष तुम्हाला आरोग्याचं जावो. आंबिया टिको, गारपीट गावाच्या शिवारापासून दूर राहो. घरातली माणसं अन् गोठ्यातली ढोरं सुखात राहोत. नातवंडांना अनेक आशीर्वाद.

पाडव्याला गुढी उभारली की आई तुमच्या नावानं गाठीतलं एक पदक काढून ठेवणार आहे. मे महिन्यात वरुडला यायचं म्हणते. आलो तर एक रात्र राहू.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुमची भाची"

लांबीनं हे पोस्टकार्डावर जेमतेम मावतं, आणि दूरच्या नात्याला एवढंच पुरे. आठवण एकच घ्यावी. दोन-तीन घातल्या की पत्र त्यांच्या उपकारांची यादी वाटू लागतं आणि वाचणाऱ्याला अवघडल्यासारखं होतं. आपल्या घरची खुशाली एका ओळीत द्यावी आणि त्यात एखादी खरी गोष्ट असावी. आईचे गुडघे मी मुद्दाम लिहिले. "सगळं छान आहे" यावर कोणाला काही विचारता येत नाही, गुडघ्यांवर मात्र विचारता येतं, आणि उत्तर लिहायला त्यांच्या हाती काहीतरी लागतं.

भेटीचं वचन जपून द्यावं. "नक्की येतो" लिहून गेलं नाही तर पुढच्या पाडव्याला लिहायला तोंड राहत नाही. "यायचं म्हणते" एवढंच लिहावं, आणि तेही खरं असेल तरच.

घरात कोणालाच त्यांची काही आठवण नसेल तर?

तर आठवण बनवू नका. मोठ्या माणसांच्या ध्यानात सगळं असतं, खोटं लगेच कळतं. त्याऐवजी विचारा. "आमच्या आजोबांना तुम्ही पाहिलं असेल, त्यांच्याबद्दल कधी सांगाल का?" हेही वैयक्तिकच झालं. त्यांच्याकडे असलेली एखादी गोष्ट आपल्याला हवी आहे, एवढं कळलं तरी माणूस सुखावतो.

वऱ्हाडीत लिहावं की शुद्ध मराठीत?

बोलताना तुम्ही त्यांच्याशी जसं बोलता त्याला धरून. आमच्या पिढीनं पत्रात कायम पुस्तकी मराठी लिहिली आणि मोठ्यांना ती मानाची वाटते, म्हणून अनोळखी झालेल्या नात्याला मी तीच लिहिते. पण एखादं वाक्य आपल्या बोलीत सोडावं. "पुरणाची पोयी खायले येजा" हे "पुरणपोळी खाण्यास यावे" पेक्षा कितीतरी जवळचं आहे. एक काळजी घ्या: "येजो" हे तू म्हणण्यातलं, "येजा" हे तुम्ही म्हणण्यातलं. आत्याबाईंना पत्रभर "तुम्ही" लिहून शेवटी "येजो" लिहिलं तर खटकतं.

भंडारा-गोंदियाकडच्या, झाडीपट्टीतल्या नातेवाइकाला आपली वऱ्हाडी लिहू नये. त्यांची बोली वेगळी आहे. तिची नक्कल तर मुळीच करू नये.

त्यांच्या घरी या वर्षात कोणी गेलं असेल तर शुभेच्छा द्याव्यात का?

"शुभेच्छा" हा शब्द देऊ नये. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं, तिथे बरेच जण तो सण करत नाहीत, गुढीही उभारत नाहीत. त्यांना "हार्दिक शुभेच्छा" आणि झेंडूच्या फुलांचं चित्र गेलं की वाईट वाटतं. कोणाला कळवायचं राहून गेलं असेल म्हणून लिहिण्याआधी दोन-चार जणांकडे चौकशी करावी. आमच्याकडे या बातम्या आठवडी बाजारात कळतात.

पण गप्पही बसू नये. सणाच्या दिवशी सगळ्यांचे निरोप येतात आणि त्यांचंच घर सुनं राहतं. मी असं लिहिते: "मामाजी, नमस्कार. यंदा तुमच्याकडे सण नाही हे माहीत आहे. मामींच्या हातची कडुलिंबाची चटणी आज आठवली. तब्येतीला जपा. येतं वर्ष तुम्हाला सावरण्याचं बळ देवो." गेलेल्या माणसाचा उल्लेख करावा. तो टाळला तर सगळे त्या माणसाला विसरले असं घरच्यांना वाटतं. चित्र, फुलं, रंगीत अक्षरं काही नको.

नवरा गेलेल्या बाईंना "अखंड सौभाग्य"ची छापील वाक्यं जातात, कारण मजकूर सगळ्यांना एकच पाठवलेला असतो. ही चूक माझ्या हातूनही एकदा झाली आहे. त्या बाई काही बोलल्या नाहीत. मी तेव्हापासून एकच मजकूर सगळ्यांना पाठवणं सोडलं.

शेतीच्या वाटणीवरून अबोला आहे. लिहावं का?

लिहावं, पण वाटणीचा शब्द काढू नये. "झालं गेलं विसरून जाऊ" हेही लिहू नये, कारण त्यातही झालं-गेलं येतंच. नातं, नमस्कार, एक जुनी आठवण आणि आरोग्याची शुभेच्छा, बस्स. भेटीचं किंवा फोनचं मागणं नको. कोर्टात प्रकरण चालू असेल तर मात्र आधी घरच्या मोठ्यांना विचारा, कारण पत्र कागदोपत्री राहतं.

पत्र, व्हॉट्सअॅप की फोन?

सत्तरीपुढच्या माणसाला पत्र. पोस्टकार्ड पोस्टमनपासून घरातल्या सगळ्यांना वाचता येतं, म्हणून त्यावर मोठ्या दुखण्याचं किंवा पैशाचं लिहू नये. त्यासाठी आंतर्देशीय पत्र घ्यावं. पिनकोड लिहायला विसरू नये, एकाच नावाची गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पाडव्याच्या आठ-दहा दिवस आधी टाकावं.

व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर मजकूर स्वतः टाइप करावा. पुढे ढकललेल्या मजकुरावर "फॉरवर्डेड" उमटतं. वाचता न येणाऱ्यांसाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवावा, पण एका मिनिटाच्या आत आणि सुरुवातीलाच ओळख सांगून. घरातलं एखादं लेकरू तो सगळ्यांसमोर लावणार आहे, हे धरूनच बोलावं. सकाळी गुढी उभारायच्या गडबडीत निरोप वाचले जात नाहीत. आदल्या संध्याकाळी किंवा पाडव्याला दुपारी जेवणं झाल्यावर पाठवावा.

फोन त्यानंतर, उत्तर आलं तर.

उत्तर आलं नाही तर?

महिनाभर थांबावं. उन्हाळ्यात लग्नं असतात, लोक गावात नसतात. नंतर अक्षय तृतीयेला दोन ओळी टाकाव्यात, "पत्र मिळालं का" असं न विचारता. तरीही काही आलं नाही, तर पुढच्या पाडव्याला पुन्हा लिहावं.

आत्याबाईंचं उत्तर मला अठरा दिवसांनी आलं, नातवाच्या हातचं. पुऱ्यांच्या गोष्टीवर त्यांनी लिहून घेतलं होतं की कणीक त्यांनी एकटीनं नेली नव्हती, परातीची दुसरी बाजू माझ्या बाबांनी धरली होती.